खरे नसून नाकबूल

वकीलसाहेबांना कुणी रस्त्यात 'नमस्कार' म्हटलं तरी ते आधी आजूबाजूला बघतात. साक्षीदार कोण आहे हे कळल्याशिवाय ते हात जोडत नाहीत. 'कसं काय, बरं आहे ना?' या प्रश्नाला त्यांनी सरळ 'हो' म्हटलेलं पुलगावात कुणी ऐकलेलं नाही. "कोण म्हणते?" असं ते विचारतात, आणि विचारणारा मुकाट्यानं पुढे जातो.

गावात त्यांची ओळख घरमालकांचे वकील म्हणून आहे. पुलगावात तेवढ्यावर पोट भरू शकतं, कारण हे गाव कायम येणाऱ्या-जाणाऱ्यांचं. वर्धा नदीच्या काठचं, मुंबई-नागपूर रेल्वेलाइनीवरचं, देवळी तालुक्यातलं हे गाव. एका काळी कापडगिरणी होती, आता ती बंद आहे. सैन्याचा दारूगोळ्याचा मोठा डेपो मात्र आहे, शाळा-कॉलेजं आहेत, बँका आहेत. म्हणजे बदलीवर येणारा माणूस आला, आणि त्याच्यामागे 'दोन खोल्या, किचन, लॅट-बाथ सेपरेट, किरायाने देणे आहे' ही पाटी आली. ज्याच्या घरावर एक मजला चढला तो घरमालक झाला, आणि जो घरमालक झाला तो दोन-तीन वर्षांत एकदा तरी वकीलसाहेबांकडे आला.

मी कोर्टासमोर टायपिंगचं दुकान चालवतो. पानाला ठरलेला भाव. खाडाखोड झाली तर पान पुन्हा फुकट, असा वकीलसाहेबांनी एकतर्फी ठरवलेला नियम. त्यांच्या नोटिसा, जबाब, अर्ज माझ्याच बोटांतून गेलेले आहेत. त्यामुळे त्यांच्या वकिलीबद्दल बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे, असं मला वाटतं. हे त्यांना सांगितलं तर ते म्हणतील, नाकबूल.

त्यांची मजकूर सांगायची पद्धत अशी. गालात खर्रा. काळा कोट खुर्चीच्या पाठीला. डोळे मिटलेले. खर्रा गालात असला तर वाक्य चालू राहतं. उठून नालीपाशी जाऊन थुंकून आले की पूर्णविराम. त्यामुळे ज्या दिवशी खर्रा चांगला घोटलेला असेल त्या दिवशी एकेक वाक्य पाऊण पानाचं होतं, आणि त्यात क्रियापद कुठे आहे हे शोधायला विरुद्ध बाजूच्या वकिलाला दुसरा चहा मागवावा लागतो.

त्यांच्याकडे नकाराच्या पायऱ्या आहेत. 'मान्य नाही' ही सगळ्यात खालची. ती ओळखीच्या माणसासाठी. त्यावर 'खरे नसून नाकबूल'. त्यावर 'साफ खोटे, खोडसाळ व नाकबूल'. सगळ्यात वर 'धादांत खोटे, बनावट, कपोलकल्पित, पश्चातबुद्धीचे व साफ नाकबूल'. अशील किती चिडलेला आहे आणि फी किती देणार आहे, यावर पायरी ठरते. पश्चातबुद्धी हा शब्द अर्ध्या फीमध्ये मिळत नाही.

आता एका जून-जुलैतली गोष्ट. डिपॉझिटचे जबाब सगळे एकाच घराण्यातले असतात. हा एक नीट पाहिला की बाकीचे ओळखू येतात.

एक मास्तर होते. कॉलेजातले, तरुण, बदलीवर आलेले. काकाजींच्या वरच्या मजल्यावर राहिले. किराया महिना ५,००० रुपये, डिपॉझिट १५,०००. त्यातले १०,००० त्यांनी मोबाईलवरून पाठवले होते आणि ५,००० रोख दिले होते. रोखीची पावती घेतली नव्हती, कारण काकाजी म्हणाले होते, "आपल्यात कायची पावती?" स्टँपपेपरवर अकरा महिन्यांचा करारनामा झाला, तो काकाजींच्या कपाटात राहिला. त्याची झेरॉक्स मास्तरांना उद्या मिळणार होती. अकरा महिने संपले, नवा कागद कुणी केला नाही, मास्तर आणखी अकरा महिने राहिले. एकूण बावीस. मग बदली झाली. ४ मे रोजी त्यांनी काकाजींना व्हॉट्सॲपवर कळवलं आणि ३१ मे रोजी किल्ली दिली. काकाजी म्हणाले, आठ दिवसांत पैसे टाकतो.

जुलै अर्धा गेला तेव्हा मास्तरांनी पत्र लिहिलं. वकिलाकडून नाही, स्वतःच्या हातानं. पोस्टानं, पोचपावतीसह. पत्र फार चांगलं होतं. 'आदरणीय काकाजी, सप्रेम नमस्कार. आपली व काकूंची तब्येत बरी असेल. आपल्या घरात बावीस महिने अत्यंत आनंदात गेले. काकूंच्या हातची पाटोडी कधी विसरणार नाही.' मग डिपॉझिटची आठवण, बँकेच्या खात्याचा नंबर, आणि शेवटी एकच ओळ: 'अन्यथा नाइलाजाने मला कायदेशीर मार्गाचा विचार करावा लागेल.'

काकाजींनी ती शेवटची ओळच वाचली होती. ते वकीलसाहेबांसमोर येऊन बसले तेव्हा पत्राचा तोच भाग घामानं भिजलेला होता.

"पैसे द्यायचे हायेत का?" वकीलसाहेबांनी विचारलं.

काकाजी थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "द्यायचे त हायेत. पण हायेत कुठी?"

डिपॉझिटच्या साऱ्या भांडणांच्या तळाशी बहुतेक वेळा एवढंच असतं, असं माझं मत झालं आहे. मालक लुच्चा असतोच असं नाही. त्यानं ती रक्कम आली त्याच महिन्यात गच्चीवरच्या टाकीत, नाहीतर मोटरपंपात घातलेली असते. डिपॉझिट म्हणजे दुसऱ्याची ठेव हे त्याला माहीत असतं, पण ती ठेव कुठे ठेवावी असं कुणी सांगितलेलं नसतं. पुढचा किरायेदार येईल, त्याच्या डिपॉझिटातून मागच्याचं भागेल, असा हिशेब असतो. काकाजींकडे नवा किरायेदार ६ जूनला आला होता, पण त्याचं डिपॉझिट जिन्याच्या रेलिंगमध्ये गेलं. मग पैसे नाहीत असं लिहून कसं देणार? त्यासाठी वकील लागतो.

"लिह्य राजा," वकीलसाहेब मला म्हणाले, आणि खर्रा गालाआड सारला.

'माझे अशील यांचे सूचनेवरून व त्यांनी दिलेल्या माहितीवरून आपणांस या जबाबाद्वारे कळविण्यात येते की...' एवढं दर वेळचं. ते मी त्यांनी डोळे मिटायच्या आधीच टाइप करून ठेवतो. पुढे खरं काम.

'परिच्छेद १. नोटीसदाराने माझे अशिलास "आदरणीय" असे संबोधले आहे, ते केवळ सहानुभूती मिळविण्याचे हेतूने असून त्यावरून नोटीसदाराचे लाभात कोणतेही अनुमान काढता येणार नाही.

'परिच्छेद २. माझे अशील व त्यांचे पत्नीची तब्येत बरी असल्याबाबतचा मजकूर नोटीसदाराचे व्यक्तिगत माहितीतील नसल्याने नाकबूल.

'परिच्छेद ३. नोटीसदाराचे बावीस महिने अत्यंत आनंदात गेले हे म्हणणे खरे नसून नाकबूल. सदर नोटीसदार नळास पाणी नाही, जिन्यात दिवा नाही अशा तक्रारी वेळोवेळी करीत असे.

'परिच्छेद ४. पाटोडी दिल्याबाबतचा मजकूर अंशतः खरा आहे. सदर पाटोडी माणुसकीचे नात्याने दिलेली असून तिचे मूल्य मागण्याचा हक्क माझे अशील राखून ठेवीत आहेत.'

मी थांबलो. वकीलसाहेबांनी एक डोळा उघडला.

"काय झालं?"

"साहेब, तब्येत बरी आहे हे नाकबूल कायले करायचं?"

"मग कबूल करतं का? उद्या कोर्टात म्हणन, माणूस धडधाकट होता, पैसे द्याले पोस्टात काऊन नाई गेला?"

हसण्यासारखं आहे, पण या सवयीला मूळ आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ८ आहे. दावा दाखल झाल्यावर प्रतिवादीनं कैफियत कशी द्यावी हे त्यात सांगितलं आहे. दाव्यातलं जे विधान तुम्ही नेमकेपणानं नाकारलं नाही, ते तुम्ही मान्य केलं असं धरता येतं, आणि मोघम नकार चालत नाही. हा नियम कोर्टातल्या कैफियतीचा आहे, साध्या पत्राच्या उत्तराचा नाही. पण जन्मभर कैफियती लिहिणाऱ्या माणसाला फरक उरत नाही. समोर कागद आला की तो ओळीओळीनं नाकारत जातो, एखादी ओळ सुटली तर ती कबूल धरली जाईल या धास्तीनं. वकीलसाहेबांना आलेल्या लग्नपत्रिकेवर मी पेन्सिलीनं केलेल्या खुणा पाहिल्या आहेत. 'आपले स्नेहांकित' याच्याखाली रेघ होती.

पाचव्या परिच्छेदात आम्ही मुद्द्यावर आलो.

'परिच्छेद ५. नोटीसदाराने माझे अशिलास डिपॉझिटपोटी रक्कम रुपये १५,००० दिल्याचे म्हणणे धादांत खोटे, बनावट, पश्चातबुद्धीचे व साफ नाकबूल. अशी कोणतीही रक्कम माझे अशिलास मिळालेली नाही. मिळाली असल्यास नोटीसदाराने ती पावतीनिशी सिद्ध करावी.'

काकाजी खुर्चीत हलले. "पण वकीलसाहेब, दहा त मोबाईलवर आले होते."

"काकाजी, तुमी बोलू नका. मी तुमच्या वतीनं बोलून राह्यलो."

सहावा परिच्छेद कपातीचा. इथे वकीलसाहेबांना खरी रंगत येते. मे-जून नुकताच सरलेला, दुकानात हवा अजून गरम, आणि माझ्या खिडकीत कुलर घरघरत होता. त्याच्या गारव्यात मान मागे टाकून त्यांनी सांगितलं:

'नोटीसदाराने खिडकीस कुलर लावून त्याचे पाण्याने माझे अशिलाचे भिंतीची अतोनात नासधूस केलेली आहे.'

कुलरचं हे कलम विदर्भात जवळपास प्रत्येक जबाबात येतं. इथं मार्चपासून कुलरशिवाय कुणी राहत नाही, मालकसुद्धा. पंप पाणी वर चढवतो, ते ताट्यांवरून झिरपतं, थोडं बाहेर गळतं, आणि खिडकीखालच्या भिंतीवर क्षारांचे पांढरे ओघळ उमटतात. आता प्रश्न असा, की हा ओघळ कोणाचा? संपत्ती हस्तांतरण कायदा १८८२ सालचा. त्याच्या कलम १०८ मध्ये असं आहे, की किरायेदारानं जागा घेतली होती तशी परत द्यावी, मात्र वाजवी झीज वगळून. झीज म्हणजे माणूस नीट राहिला तरी जे होणारच ते. बावीस महिन्यांत रंग फिका होतो, कॅलेंडरमागे चौकोन उरतो, नळाचा वायसर जातो. ही झीज. तिचे पैसे मालकानं किरायाच्या रूपात महिन्याच्या महिन्याला घेतलेलेच असतात. पण टाकी भरून पाणी वाहत राहिलं, किरायेदार गावाला गेला, आणि खिडकीखालचा गिलावा फुगून वितभर गळून पडला, तर ती झीज नाही, ते नुकसान. मास्तरांच्या खोलीत दोन्ही होतं. ओघळही होते आणि वितभर गिलावाही गेला होता. हे मला नंतर कळलं. वकीलसाहेबांनी दोन्हीला मिळून 'अतोनात नासधूस' असं एकच नाव दिलं होतं, आणि अशी दोन वेगळी दुखणी एका नावाखाली बांधणं हीच त्यांची कला.

यादी अशी झाली. संपूर्ण रंगकाम ९,०००. खिडकीखालचा गिलावा १,२५०. नळदुरुस्ती ६५०. भिंतीत खिळे ठोकल्याची बारा भोकं, प्रत्येकी ५० प्रमाणे ६००. विजेचं थकीत बिल १,३४०. आणि एक महिन्याची लेखी पूर्वसूचना दिली नाही म्हणून एका महिन्याचा किराया ५,०००.

"भोकं बारा कशावरून?" मी विचारलं.

"तेरा असतीन त मास्तर सांगन ना. मग भोकं कबूल."

बेरीज मी कॅल्क्युलेटरवर केली. १७,८४०.

वकीलसाहेब प्रसन्न झाले. उठून नालीपर्यंत जाऊन आले. परिच्छेद पूर्ण झाला:

'वरील एकूण रुपये १७,८४० पैकी नोटीसदाराचे जमा असलेले डिपॉझिट रुपये १५,००० वजा जाता उर्वरित रुपये २,८४० नोटीसदाराकडूनच माझे अशिलास घेणे निघतात.'

बेरीज डिपॉझिटच्या थोडी वर जावी, हा या धंद्यातला जुना हिशेब आहे. बरोबर डिपॉझिटएवढी आली तर संशय येतो. खूप वर गेली तर हसू येतं. दोन-तीन हजारांनी वर गेली की समोरचा माणूस पैसे मागायचं विसरतो आणि पैसे द्यावे लागतील का, या काळजीत पडतो. जबाबानं कोर्टात जिंकायचं नसतंच. कोर्टापर्यंत जाऊ द्यायचं नसतं. पंधरा हजारांसाठी दावा लावायचा म्हणजे वकील, कोर्ट फी, दर तारखेला शंभर-दीडशे किलोमीटर प्रवास आणि कॉलेजची रजा. मागणाऱ्यानं कागदावर एवढा हिशेब मांडला की तो बहुतेक वेळा पत्र घडी घालून कपाटात ठेवतो. वकीलसाहेबांचं सगळं कसब त्या घडीसाठी असतं.

शेवटही ठरलेला. 'सबब या जबाबाद्वारे आपणांस कळविण्यात येते की, आपण रुपये २,८४० व या जबाबाचा खर्च रुपये १,५०० पंधरा दिवसांचे आत माझे अशिलास द्यावा, अन्यथा आपणांविरुद्ध दिवाणी व फौजदारी स्वरूपाची कारवाई करण्यात येईल. या जबाबाची स्थळप्रत माझे दप्तरी ठेवली आहे.' भिंतीतल्या खिळ्याच्या भोकाबद्दल फौजदारी कशी होणार, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, होत नाही. पण 'दिवाणी' वाचून माणूस चष्मा पुसतो, आणि 'फौजदारी' वाचून बायकोला हाक मारतो.

प्रिंट काढायच्या आधी मी एकदा वाचतो. वाचताना अडलो.

"साहेब, पाचव्यात म्हटलं डिपॉझिट घेतलंच नाही. सहाव्यात म्हटलं पंधरा हजार जमा आहे, त्यातून वजा केलं."

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग वकीलसाहेबांकडे. कुलरची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"विकल्पेकरून," वकीलसाहेब म्हणाले. "सहाव्याच्या आधी 'वरील म्हणण्यास बाधा न येता व विकल्पेकरून' असं टाक."

मी टाकलं. कायद्यात विकल्प असतोच. प्रतिवादी म्हणू शकतो की मी कर्ज घेतलं नाही, आणि घेतलं असं ठरलंच तर मुदत निघून गेली आहे. दोन्ही बचाव एकमेकांना छेद देत असले तरी मांडता येतात. पण विकल्प हा 'असं ठरलंच तर' या अटीवर उभा असतो. 'जमा असलेले डिपॉझिट रुपये १५,०००' या शब्दांत 'ठरलंच तर' कुठेच नव्हतं. तिथे आकडा होता, जमा होता, आणि अशिलाच्या सूचनेवरून लिहितो असं वर पहिल्याच ओळीत होतं. मी ते सांगणार होतो. पण वकीलसाहेब कोट घालत होते आणि माझं काम पानाच्या भावाचं.

काकाजी जाताना मला हळूच म्हणाले, "पाटोडीचं काढून टाकता आलं असतं का? काकूनं वाचलं त मले घरात घेणार नाई."

जबाब गेला. महिनाभरानं मास्तर स्वतः पुलगावात आले आणि माझ्याच दुकानात अर्ज टाइप करायला बसले. त्यांना माहीत नव्हतं की त्यांना आलेला जबाब इथेच जन्मला. मी सांगितलं नाही. धंद्याचा धर्म असतो.

मास्तरांनी पत्र घडी घालून कपाटात ठेवलं नव्हतं. मराठीचा माणूस, त्यांनी ते दोनदा-तीनदा बारकाईनं वाचलं होतं, आणि सहाव्या परिच्छेदाखाली रेघ मारली होती. त्यांची खरी अडचण ५,००० रोखीची होती. १०,०००चा मोबाईलवरचा पुरावा होता, पण रोखीला ना पावती ना करारनाम्याची प्रत. त्यांच्या हातात त्यासाठी काहीच नव्हतं, हा जबाब येईपर्यंत. आता काकाजींच्याच वकिलाच्या सहीनं पूर्ण १५,००० जमा असल्याचं लिहून आलं होतं. उद्या काकाजी कोर्टात म्हणू शकले असते की वकिलानं माझ्या सांगण्याबाहेर लिहिलं. पण ते पटवायला बराच घाम गाळावा लागला असता, आणि वकीलसाहेबांना बाजूला ठेवून.

मास्तरांजवळ आणखी काही होतं. किल्ली देताना त्यांनी मीटरचा फोटो काढला होता आणि खोल्यांचे फोटोही, गळलेल्या गिलाव्यासकट. आणि ६ जूनला तिथे राहायला आलेला नवा किरायेदार त्यांच्याच ओळखीचा निघाला. त्यानं पाठवलेल्या फोटोत भिंतीवर कॅलेंडरमागचा तो चौकोन जसाच्या तसा होता. ९,०००चं संपूर्ण रंगकाम झालं असतं, तर चौकोन राहिला नसता. रंगकामाचं बिल खोटं आहे का हे ओळखायला बिलाचा कागद बघायची फार गरज पडत नाही, भिंत बघावी.

दावा त्यांनी लावला नाही. लोकअदालतीत दाव्याआधीचं प्रकरण म्हणून अर्ज दिला. त्याला कोर्ट फी लागत नाही. तडजोड झाली तर तिचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो आणि त्यावर अपील नाही. नाही झाली तर माणूस होता तिथेच राहतो, दाव्याची वाट मोकळी असते. डिपॉझिटसारख्या रकमेला ही जागा बरी, अट एवढीच की समोरचा यायला पाहिजे. त्याला तिथे कुणी जबरदस्तीनं बसवू शकत नाही.

काकाजी आले. काकूंनी पाठवलं होतं. परिच्छेद ४ त्यांच्यापर्यंत पोचला होता.

टेबलावर वकीलसाहेबांनी सुरुवात डिपॉझिटच्या साफ इन्कारानं केली. पॅनेलवरच्या मॅडमनी शांतपणे सहावा परिच्छेद त्यांच्यासमोर सरकवला. त्यांनी तो चष्मा काढून वाचला, चष्मा लावून वाचला, मग माझ्याकडे एक कटाक्ष टाकला. मी चहा घेऊन आलो होतो, एवढाच माझा तिथला संबंध. त्यानंतर ते डिपॉझिटवर बोलले नाहीत. वाद फक्त कपातीवर उरला, आणि तो वाद करण्यासारखा होता.

रंगकाम गेलं, कारण झालंच नव्हतं, आणि बावीस महिन्यांनी फिका झालेला रंग ही झीज. भोकं गेली, किरायानं राहणाऱ्या माणसानं कपडे कुठे टांगायचे, असं मॅडमनी विचारलं. नळ गेला. गिलावा मात्र राहिला, मास्तरांनी स्वतःच फोटो दाखवून कबूल केलं की ते चार दिवस गावाला गेले आणि कुलरचा नळ चालू राहिला. १,२५०. विजेच्या बिलात १२ जूनपर्यंतचं रीडिंग होतं; मीटरच्या फोटोवरून ३१ मेपर्यंतचे १,०१० निघाले, बाकीचे नव्या किरायेदाराच्या फ्रिजचे.

पूर्वसूचनेचं कलम वकीलसाहेबांनी नेटानं लढवलं. करारात एक महिना म्हटलं आहे, ४ मे ते ३१ मे महिना होत नाही, तीनएक दिवस कमी पडतात, आणि व्हॉट्सॲप म्हणजे लेखी कशावरून? इथे त्यांच्या म्हणण्यात दम होता. पण कमी पडलेल्या दिवसांसाठी सबंध महिन्याचा किराया मागणं हा दंड झाला. करार कायद्याचं, म्हणजे १८७२च्या कायद्याचं, कलम ७४ सांगतं की करारात दंड काहीही लिहा, मिळेल ती वाजवी भरपाई, लिहिलेल्या रकमेच्या आत. घर रिकामं किती दिवस राहिलं? ६ जूनला नवा माणूस आला. म्हणजे पाच दिवस. ५,०००ला तीसनं भागून पाचनं गुणलं, ८३३.

तीन आकड्यांची बेरीज ३,०९३. पंधरा हजारांतून वजा जाता ११,९०७. सात रुपयांवर काकाजी अडले. शेवटी ११,९०० वर दोघांच्या सह्या झाल्या, दोन हप्त्यांत, पहिला तिथल्या तिथे. पहिला हप्ता काकूंच्या बचतगटाच्या खात्यातून निघाला, असं नंतर कळलं.

तडजोडीचा मसुदा वकीलसाहेबांनीच सांगितला. 'उभय पक्षांत आपसांत समेट झाला असून' इथपर्यंत सुरळीत आलं. मग 'ते त्यांना मान्य व...' म्हणून थांबले. गालात खर्रा नव्हता तरी उठून नालीपर्यंत जाऊन आले. पुढचं मीच टाइप करून ठेवलं होतं.

नंतरच्या आठवड्यात काकाजी पुन्हा आले. नवा किरायेदार जूनपासून कागदाशिवाय राहत होता, त्याचा करारनामा करायचा होता. या वेळी वकीलसाहेबांनी त्यांना पुष्कळ समजावलं, हे मला नमूद केलं पाहिजे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९चं कलम ५५ त्यांनी तोंडपाठ सांगितलं: करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, नोंदवायची जबाबदारी घरमालकाची, आणि तसा नसेल तर अटींबद्दल किरायेदार जे म्हणेल ते खरं धरतात, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,०००पर्यंत दंड. कायदा कोणत्या गावाला लागू आहे ते त्याच्या अनुसूचीत पाहावं लागतं, तो वाद आपण वेळ आली तर घालू, असंही म्हणाले; पण आधी नोंदणी करून टाका. मीटरचं रीडिंग लिहा, भिंतींचे फोटो जोडा, डिपॉझिट बँकेतूनच घ्या आणि घेतलं असं लिहा.

"किती खर्च येते?" काकाजींनी विचारलं.

वकीलसाहेबांनी स्टँप, नोंदणी आणि आपली फी असा आकडा सांगितला.

काकाजींनी विचार केला. मग माझ्याकडे वळले. "तो मागचा कागद हाय ना तुझ्याकडे? मास्तरवाला?"

होता. फाइल उघडली. मास्तरांचं नाव काढून नवं नाव टाकलं, तारीख बदलली.

"डिपॉझिट पंधराच राहू देऊ?" मी विचारलं.

"वीस कर," काकाजी म्हणाले.